टच बंद, पडदा चालू: adb ची परवानगी फोनवर द्यायची कशी?

टेरीटॉवेल

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब आणि ऑर्डरी मी सांभाळतो. कारखान्याचा जो फोन माझ्याकडे असतो तो परवा जिन्यावरून खाली पडला. काच तडकली असली तरी चित्र स्वच्छ दिसते. टच मात्र अगदी वरची दोन बोटांची पट्टी सोडली तर कुठेच लागत नाही. बोटाच्या ठशाने कुलूप उघडते, सूचनांची पट्टी खाली ओढता येते आणि तिथेच सगळे अडते.

फोनमध्ये व्यापाऱ्यांनी पाठवलेली डिझाइनची छायाचित्रे, ट्रान्सपोर्टच्या पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचा वर्षभराचा व्यवहार आहे. तो सगळा लॅपटॉपवर उतरवून घेतल्याखेरीज फोन दुरुस्तीला द्यायची माझी तयारी नाही. फोनचा पडदा लॅपटॉपवर दाखवून तिथूनच फोन चालवू देणाऱ्या `scrcpy` विषयी वाचून ते विंडोज १० च्या लॅपटॉपवर उतरवले, केबल लावली आणि लॅपटॉपला फोन दिसतो का हे पाहण्यासाठी `adb devices` ही आज्ञा दिली, तर यादी रिकामी आली. यूएसबी डीबगिंग या फोनवर कधीच सुरू केलेले नव्हते. फोन अँड्रॉइड ११ चा आहे. आता मार्ग काय?

होटगीरोड

यात फार अवघड काही नाही. डीबगिंग लॅपटॉपवरून आज्ञा देऊनही सुरू करता येते, त्यासाठी फोनला हात लावावा लागत नाही. पुढील ओळ चालवा.

```
adb shell settings put global adb_enabled 1
```

आणि केबल त्रास देत असेल तर दोन्ही उपकरणे एकाच वायफायवर ठेवून `adb connect` पुढे फोनचा आयपी पत्ता आणि 5555 हा पोर्ट द्या. मी घरी असेच करतो.

धोटा

होटगीरोड साहेब, आज्ञा बरोबर आहे, पण ती फोनपर्यंत पोहोचवायची कोणी? `adb shell` चालण्यासाठी `adb` ची जोडणी आधीच झालेली असावी लागते आणि ती जोडणी डीबगिंग सुरू असल्याशिवाय होत नाही. 5555 चेही तसेच आहे. तो पोर्ट फोनवर आपोआप उघडा नसतो. एकदा केबल लावून `adb tcpip 5555` ही आज्ञा दिली की उघडतो आणि फोन बंद करून पुन्हा चालू केला की मिटतो. आपल्या फोनवर हे आधी कधीतरी केलेले असल्यामुळे आपल्याला ते सहज जमते.

टेरीटॉवेल साहेब, आपल्याला आधी टचची जागा घेणारे काहीतरी हवे आहे. फोनला ओटीजी ॲडॉप्टर लावून त्यात साधा यूएसबी माउस घाला. नवी पेठेत मोबाइलच्या कोणत्याही दुकानात तो मिळेल. बहुतेक अँड्रॉइड फोन माउस लगेच ओळखतात आणि पडद्यावर बाण दिसू लागतो. मात्र काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजीची परवानगी सेटिंगमध्ये वेगळी द्यावी लागते. तसे असेल तर मला कळवा, मग वेगळा विचार करू.

सुनंदा_शिक्षिका

माझाही असाच प्रश्न आहे. मला वर्गात `scrcpy` ने फोनचा पडदा प्रोजेक्टरवर दाखवायचा असतो, पण लॅपटॉपवरून मराठी अक्षरे टंकायला गेले की फोनवर काहीच उमटत नाही. इंग्रजी अक्षरे व्यवस्थित उमटतात. याही फोनचा टच बिघडला असेल का?

धोटा

ताई, आपला फोन ठणठणीत आहे, कारण वेगळे आहे. `scrcpy` नेहमीच्या पद्धतीने कळफलकावरील अक्षरे फोनला पाठवते तेव्हा इंग्रजी अक्षरे आणि मोजकी चिन्हेच पोहोचतात, देवनागरी पोहोचत नाही. मजकूर लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये लिहा, तो निवडून Ctrl+C करा, मग `scrcpy` च्या खिडकीत फोनवरच्या रकान्यात क्लिक करून Ctrl+V करा. लॅपटॉपचा क्लिपबोर्ड फोनच्या क्लिपबोर्डवर जातो आणि काना-मात्रेसह जसाच्या तसा चिकटतो. प्रोजेक्टरसाठी बाकी काही करावे लागत नाही, खिडकी मोठी करून दाखवली की झाले. याविषयी आणखी काही विचारायचे असेल तर वेगळा धागा काढावा, म्हणजे इथला प्रश्न मागे पडणार नाही.

टेरीटॉवेल

माउस आणला, लावला आणि बाण दिसला. सेटिंगमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा क्लिक केले, त्यामुळे डेव्हलपर ऑप्शन्स उघडले आणि यूएसबी डीबगिंगही सुरू झाले. आता नवाच पेच उभा राहिला आहे. माउस काढून लॅपटॉपची केबल लावली की ‘या संगणकाला परवानगी द्यायची का’ असा प्रश्न फोनवर येतो आणि `adb devices` मध्ये फोनपुढे `unauthorized` असे दिसते. परवानगीचे बटण पडद्याच्या खालच्या भागात आहे, तिथे टच मेलेला आहे. बटण दाबण्यासाठी माउस लावायला केबल काढली की प्रश्नच नाहीसा होतो. फोनला छिद्र एकच आहे, त्यात माउस तरी राहील नाहीतर लॅपटॉप तरी.

होटगीरोड

मग ब्लूटूथचा माउस घ्यावा. तो छिद्र अडवणार नाही.

धोटा

ब्लूटूथचा माउस हा योग्य उपाय आहे आणि ज्यांच्याकडे तो असेल त्यांनी तोच वापरावा. यूएसबी माउसने ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये जाऊन तो जोडायचा, मग यूएसबी माउस काढून लॅपटॉपची केबल लावायची. अँड्रॉइड १० किंवा त्याआधीचा फोन असता तर मीही हेच सुचवले असते.

पण आपला फोन अँड्रॉइड ११ चा आहे आणि त्या आवृत्तीपासून वायरलेस डीबगिंग नावाची वेगळी सोय आली आहे. तिच्यात केबल मुळीच लागत नाही. संगणकाला परवानगी देण्यासाठी प्रश्नावरचे बटण दाबण्याऐवजी फोनच्या पडद्यावर सहा आकडी संकेत दिसतो आणि तो लॅपटॉपवर टंकावा लागतो. म्हणजे माउस फोनच्या छिद्रात तसाच राहू द्यायचा आणि लॅपटॉप वायफायवरून जोडायचा. आपला पेच इथेच सुटतो, कारण परवानगी देण्याची शेवटची कृती फोनकडून लॅपटॉपकडे येते.

डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंगच्या खालीच वायरलेस डीबगिंग आहे. ते सुरू करा. या नेटवर्कवर परवानगी द्यायची का असे फोन विचारेल, तिथे माउसने होकार द्या. नंतर त्या नावावरच क्लिक करून आत जा आणि संकेताने जोडण्याचा पर्याय निवडा. एक छोटी चौकट उघडेल. तिच्यात सहा आकडे असतील आणि त्यांच्यासोबत आयपी पत्ता व पोर्ट. ती चौकट उघडी असेपर्यंतच तो संकेत आणि तो पोर्ट चालतो, म्हणून ती बंद न करता लॅपटॉपवर पुढील आज्ञा द्या. आकडे अर्थातच आपल्या फोनवर दिसतील ते घालावेत.

```
adb pair 192.168.1.7:37123
```

संकेत विचारला की तो टंका. जोडी जमल्याचा संदेश आल्यावर चौकट मिटेल आणि मागे वायरलेस डीबगिंगचे मुख्य पान दिसेल. त्या पानावरही आयपी पत्ता आणि पोर्ट लिहिलेला असतो. आयपी तोच असतो, पण पोर्ट निराळा असतो. जोडणीसाठी हा दुसरा पोर्ट वापरायचा आहे.

```
adb connect 192.168.1.7:41877
```

टेरीटॉवेल

आपण लिहिले तसे सगळे केले. पण कारखान्याच्या वायफायवर `adb pair` काही क्षण थांबते आणि अपयश आल्याचे सांगते. संकेत दोनदा तपासून पाहिला, तो बरोबर होता. `adb connect` करून पाहिले तर बराच वेळ थांबून 10060 हा आकडा असलेला संदेश येतो. फोन आणि लॅपटॉप दोन्ही त्याच वायफायवर आहेत.

धोटा

शेवटचा आकडा सांगितलात हे फार बरे झाले. विंडोजवर `adb` चे दोन संदेश पुष्कळ काही सांगून जातात. 10060 आला तर लॅपटॉपची हाक फोनपर्यंत पोहोचलेलीच नाही. 10061 आला तर हाक पोहोचली, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नव्हते. पहिल्या वेळी नेटवर्क तपासायचे आणि दुसऱ्या वेळी पोर्टचा आकडा.

आपल्याला 10060 आला आहे. कारखाने, लॉज, महाविद्यालये अशा ठिकाणी राउटरवर एक सेटिंग पुष्कळदा सुरू असते, जिच्यामुळे वायफायवरील उपकरणे इंटरनेटपर्यंत जातात पण एकमेकांशी बोलू शकत नाहीत. पाहुण्यांसाठीच्या वायफायवर तर ते जवळजवळ नेहमीच असते. त्यामुळे एकच वायफाय असणे पुरेसे नसते. लॅपटॉपवरून फोनच्या आयपीला `ping` करून पाहा. उत्तर आले नाही तर शंका आणखी पक्की होते.

राउटर आपल्या हातात नसेल तर विंडोज १० मधील मोबाइल हॉटस्पॉट सुरू करा आणि फोन त्या हॉटस्पॉटला जोडा. मग मध्ये तिसरे कोणी राहतच नाही. फोनला बहुधा 192.168.137 ने सुरू होणारा पत्ता मिळेल. उलट बाजूने फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडणे इथे उपयोगाचे नाही, कारण वायरलेस डीबगिंग सुरू होण्यासाठी फोन स्वतः एखाद्या वायफायला जोडलेला असावा लागतो.

टेरीटॉवेल

लॅपटॉपला लॅनची तार होतीच, त्यामुळे हॉटस्पॉट लगेच सुरू झाला. `adb pair` पहिल्याच वेळी जमले. त्यानंतर `adb connect` ला 10061 आला, तेव्हा आपले वाक्य आठवले आणि मुख्य पानावरचा पोर्ट पाहिला. तो खरोखरच निराळा होता. तो घातला आणि जोडणी झाली. `scrcpy` चालवल्यावर फोनचे चित्र लॅपटॉपवर आले.

चित्र आले, पण क्लिक लागत नाही. खिडकीत कुठेही दाबले तरी फोन ढिम्म आहे. फोनला लावलेल्या माउसने मात्र सगळे चालते. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत मोठा मजकूर येतो आणि त्यात `INJECT_EVENTS` असा शब्द आहे.

कन्ना_चौक

आपला फोन शाओमी कंपनीचा आहे का? माझा आहे आणि मला हुबेहूब हेच दिसले होते. त्या फोनमध्ये यूएसबी डीबगिंगच्या खाली तेच नाव आणि पुढे ‘सिक्युरिटी सेटिंग्ज’ असे लिहिलेला दुसरा पर्याय असतो. पहिला पर्याय दाखवण्यापुरता पुरतो, पण बाहेरून क्लिक किंवा अक्षरे पाठवायला हा दुसरा लागतो. तो सुरू करताना फोनमध्ये सिम असावे लागते आणि कंपनीच्या खात्यात प्रवेश करावा लागतो. मध्ये सूचनांची पाने येतात आणि प्रत्येक पानावर काही सेकंद थांबल्याशिवाय पुढचे बटण उजळत नाही. घाई करू नका.

धोटा

कन्ना चौक साहेबांनी नेमके सांगितले. त्यात एवढीच भर घालतो की तो पर्याय सुरू केल्यावर फोन एकदा बंद करून पुन्हा चालू करावा. त्यानंतर वायरलेस डीबगिंग बहुधा बंद झालेले असेल. ते माउसने पुन्हा सुरू करा. जोडी एकदा जमलेली असल्यामुळे `adb pair` पुन्हा करावे लागणार नाही, मात्र `adb connect` साठी पोर्ट बदललेला असेल, तो नव्याने पाहून घाला. आणि पुन्हा चालू केल्यावर पहिल्यांदा कुलूप उघडताना बोटाचा ठसा चालत नाही, पिनच लागतो. तो टंकायला माउस लागेल, म्हणून माउस अजून काढून ठेवू नका.

टेरीटॉवेल

होय, फोन त्याच कंपनीचा आहे. दुसरा पर्याय सुरू केला, फोन पुन्हा चालू केला, नवा पोर्ट घातला आणि आता लॅपटॉपच्या माउसने फोन चालतो आहे. व्हॉट्सॲप उघडून बसलो आहे. आपणा दोघांचा मी मनापासून आभारी आहे.

चित्र मात्र अडखळते. वर सरकवले की अर्धा पाऊण सेकंद मागे राहते, कधी चित्राचे चौकोन चौकोन होतात.

धोटा

वायफायवर असे होते. `scrcpy` स्वतःहून सेकंदाला ८० लाख बिटपर्यंतचे चित्र मागवते, ते केबलला सोपे असते, लॅपटॉपच्या हॉटस्पॉटला जड जाऊ शकते. पावत्या वाचण्यापुरते चित्र पुरे असेल तर मागणी कमी करा.

```
scrcpy -m 1024 -b 2M --max-fps=20 --no-audio
```

पहिल्याने चित्राची लांब बाजू 1024 बिंदूंवर येते, दुसऱ्याने बिटांची मागणी चौथाईवर येते, तिसऱ्याने सेकंदाला वीसच चित्रे येतात. आवाजाची आपल्याला गरज नाही, म्हणून तो बंद केला आहे. अँड्रॉइड ११ वर आवाज हवा असेल तर सुरुवात करताना फोनचे कुलूप उघडे असावे लागते, हेही एक कारण आहे.

पण आता खरे म्हणजे वायफायची गरजच संपली आहे. `scrcpy` ची खिडकी वायफायवर उघडी ठेवा, ओटीजीचा माउस काढा आणि त्याच छिद्रात लॅपटॉपची केबल लावा. परवानगीचा तो जुना प्रश्न आला तर तो खिडकीतही दिसेल. नेहमीसाठी परवानगी देण्याच्या चौकोनात खूण करून तिथेच होकार द्या. मग वायफायची खिडकी बंद करून `scrcpy -d` चालवा. दोन्ही जोडण्या एकाच वेळी असल्या की `scrcpy` ला कोणती घ्यायची ते कळत नाही. `-d` म्हटले की ते केबल घेते, `-e` म्हटले की वायफाय घेते.

टेरीटॉवेल

प्रश्न आला, खिडकीतूनच होकार दिला. केबलवर चित्र अगदी बोटाबरोबर हलते. एका कामात मात्र अडलो आहे. सूतवाल्याचे पैसे पाठवण्यासाठी बँकेचे ॲप उघडले, तर खिडकी पूर्ण काळी झाली. फोनच्या पडद्यावर मात्र ते ॲप दिसते.

कन्ना_चौक

माझ्या बँकेचे ॲप तर उघडतच नाही, डीबगिंग बंद करा असे सांगते.

धोटा

दोन्ही गोष्टी त्या त्या ॲपने मुद्दाम केलेल्या आहेत. आपले पान चित्रित होऊ देऊ नये अशी खूण ॲप अँड्रॉइडला देते, आणि `scrcpy` चित्रच मागवत असल्यामुळे त्याला काळे पान मिळते. यातून पळवाट काढण्याचा प्रयत्न करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे पाठवायचे असतील तर डीबगिंग बंद करून ओटीजीचा माउस लावा आणि फोनच्या पडद्याकडे पाहून काम करा, कारण माउस चित्र मागवत नाही.

आता आपल्या मूळ कामाकडे वळू. छायाचित्रे एकेक करून पाठवत बसू नका. केबल लावलेली असताना या दोन ओळी पुरेत.

```
adb -d pull /sdcard/DCIM D:\phone-dcim
adb -d pull /sdcard/Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media D:\phone-wa
```

पहिलीने कॅमेऱ्यातील सगळे उतरते, दुसरीने व्हॉट्सॲपवर आलेली छायाचित्रे, पावत्यांच्या पीडीएफ आणि आवाजाचे निरोप उतरतात. संभाषणाचा मजकूर असा उतरवून वाचता येत नाही, तो कुलूपबंद स्वरूपात साठवलेला असतो. त्यासाठी `scrcpy` च्या खिडकीतून व्हॉट्सॲपचाच बॅकअप घ्या. ज्या व्यापाऱ्यांचा व्यवहार कागदोपत्री लागणार आहे, त्यांचे संभाषण ‘एक्स्पोर्ट चॅट’ ने वेगळे काढा.

होटगीरोड

धोटा साहेब, मला एक शंका आहे. टच पूर्ण मेला तर हे सगळे ठीक, पण माझ्या भावाच्या फोनची काच फुटल्यापासून तो आपोआपच दाबला जातो. ॲप उघडतात, फोन लागतात. दुपारी फोन तापला की जास्तच. त्यावर `scrcpy` ने नियंत्रण मिळेल का?

धोटा

आपला माउस आणि फुटलेली काच दोघेही एकाच वेळी फोनला आज्ञा देत राहतील, `scrcpy` काचेला गप्प करू शकत नाही. फोन रूट न करता टचचा भाग तेवढा बंद करण्याची खात्रीची रीत माझ्या माहितीत नाही. डीबगिंग आधीच सुरू असेल आणि परवानगी दिलेली असेल तर पडद्याच्या भानगडीत न पडता थेट `adb pull` चालवून फाइली काढून घ्याव्यात, कारण त्या आज्ञेला टचशी देणेघेणे नसते. परवानगी दिलेली नसेल तर कोणीतरी अनुभवी माणसाने इथे लिहावे.

कन्ना_चौक

माझ्या एका ओळखीच्या कारागिराने अशा फोनच्या टचची पट्टीच आतून सोडवली आणि मग माउसवर काम केले होते. त्या फोनमध्ये टचची पट्टी वेगळी होती. चित्र आणि टच एकाच पट्टीवर असतील तर ते जमणार नाही.

टेरीटॉवेल

दोन्ही फोल्डर उतरले. व्हॉट्सॲपचे बारा हजारांवर कागद आणि छायाचित्रे आली आहेत, त्यातील पावत्या उघडून पाहिल्या, वाचता येतात. मोठ्या व्यापाऱ्यांची संभाषणे वेगळी काढली, बॅकअप चालू आहे. फोन उद्या दुरुस्तीला द्यायचा आहे. त्याआधी काही बंद करायचे आहे का?

धोटा

होय. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंगच्या परवानग्या रद्द करण्याचा पर्याय आहे, तो वापरा. मग वायरलेस डीबगिंग, यूएसबी डीबगिंग आणि तो सिक्युरिटी सेटिंग्जचा पर्याय, तिन्ही बंद करा. हे शेवटी करा आणि ओटीजीचा माउस लावून करा, कारण डीबगिंग बंद होताच लॅपटॉपची खिडकी मिटेल. दुरुस्तीनंतर टच नीट चालतो याची खात्री दुकानातच करून घ्या. पडद्याच्या चारही कोपऱ्यांत आणि मधोमध एखादे चिन्ह बोटाने धरून ओढत न्यायचे. जिथे ते हातातून सुटते, तिथे टच लागत नाही.